मदत हवी आहे: इंग्रजी गाण्याच्या धृपदाचं मराठी जमत नाही

दर्यापूरचा_मास्तर
एका इंग्रजी पॉप गाण्याचं धृपद मराठीत करायचं आहे. तीन जागी अडलो. 'व्हेन द चिप्स आर डाऊन', मग 'आयव्ह गॉट युवर बॅक', मग 'थ्रू थिक अँड थिन'. डिक्शनरी पाहून झाली. लवकर सांगा, वेळ नाही.

रानवारा
सोपं आहे. 'चिप्स' म्हणजे जुगारातल्या सोंगट्या. 'डाव मांडला जेव्हा', 'तुझी पाठ माझ्याकडे', 'जाड-बारीक सगळ्यातून'. मूळ कवीचे शब्द सोडू नयेत, एवढं माझं मत.

पऱ्हाटी
'तुझी पाठ माझ्याकडे' आयकून पोट्टे म्हनतीन मास्तर पाठ चोळून देऊन रायले का! सोंगट्यांचं बरोबर हाय तुमचं, पन गान्यात जुगार कुठी हाय? वाईट येळ आली एवढंच म्हनायचं हाय त्याले.

सूर_साधक
मास्तर, हे वाचायला हवंय की गायला? गायचं असेल तर मूळ चालीवरच का? आणि गाणार कोण?

दर्यापूरचा_मास्तर
गायलाच. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आठवीची मुलं गाणार, कॅराओके ट्रॅकवर. चाल बदलता येत नाही. समोर गावातले आईबाप बसणार, म्हणून मराठी पाहिजे.

कायदेपंडित
भाषांतराचा हक्क मूळ गीतकाराकडे असतो, कॉपीराइट कायदा १९५७. शाळेत मुलं, शिक्षक आणि पालकांपुढे गाण्याला त्यात सूट आहे, पण व्हिडिओ यूट्यूबवर टाकाल तर ती सूट सांगता येणार नाही.

पऱ्हाटी
इचारलं कोनं?

सूर_साधक
चाल पक्की असेल तर आधी सूर मोजा, शब्द नंतर शोधा. पहिल्या ओळीत पाच सूर आहेत: व्हेन-द-चिप्स-आर-डाऊन. जोर तिसऱ्यावर आणि पाचव्यावर, आणि पाचवा लांबवायचा. म्हणजे तिसऱ्या जागी अर्थाचा शब्द हवा आणि शेवटी 'आ'सारखा मोकळा स्वर. शेवट 'क' किंवा 'ट'वर केलात तर मुलं सूर धरूच शकणार नाहीत, आवाज अडतो.
'दिवस फिरले ना' म्हणून पाहा. दि-वस-फिर-ले-ना. पाच झाले, जोर 'फिर'वर आला, 'ना' हवा तेवढा ओढा. जुगार गेला, पण दिवस फिरणं आपल्या कुठल्याही म्हातारीला कळतं.
दुसरी ओळ चार सुरांची. 'पाठीशी उभा' हे अर्थाला अगदी जवळचं आहे, पण पाच सूर होतात. 'मी पाठीशी' चारात बसतं, फक्त शेवटचा 'शी' उंच सुरावर चिरकतो. त्यापेक्षा 'मी आहे ना' घ्या. पाठ हा शब्द गेला तरी माणूस धीर देताना हेच बोलतो, आणि यमकही आपोआप जुळलं.

रानवारा
मग हे भाषांतर कसलं? नवीन गाणं झालं.

सूर_साधक
ओळ ऐकून ऐकणाऱ्याला जे वाटायला हवं ते वाटलं की झालं. कागदावर छापायचं असतं तर मी तुमचं ऐकलं असतं, खाली टीप देता आली असती. स्टेजवर टीप कुठे देणार?

पऱ्हाटी
'मी आहो ना' करा मास्तर. आपल्याकडं 'आहे' कोन म्हनते? सूर तेवढेच.

दर्यापूरचा_मास्तर
'आहो' छान बसतंय, गाऊन पाहिलं. तिसऱ्या ओळीचं सांगा. 'सुखात दुःखात' केलं होतं.

सूर_साधक
सुरात चोख आहे, पण लग्नपत्रिकेतलं वाटतं. 'उन्हात पावसात' करा. उ-न्हात-पाव-सात, जोर दुसऱ्यावर आणि चौथ्यावर, 'थिक' आणि 'थिन' येतात तिथेच. शेवटी 'त' आहे, म्हणून 'सा' लांबवायचा आणि 'त' अगदी शेवटी सोडायचा. हे मुलांना वेगळं शिकवावं लागेल, नाहीतर घाईत आधीच तोडतात.

बोंडअळी_त्रस्त
चिप्सच्या जागी 'कापूस भिजला ना' का नाही? सूर पाचच, गावाला लगेच भिडेल.

सूर_साधक
भिडेल, पण गाणं शेतीचं होईल. पुढच्या कडव्यात शहर, आगगाडी असलं काही असेल तर कापूस तिथे उपरा वाटेल. मास्तर, कडव्यात काय आहे?

भजनी_मंडळ
कॅराओके कशाला? राष्ट्रसंतांच्या भजनासारखी खंजिरी घ्या. आमच्याकडे दोन पडून आहेत.

दर्यापूरचा_मास्तर
खंजिरी नको. कडवी इंग्रजीतच ठेवणार, फक्त धृपद मराठीत. म्हणून कापूस नको, 'दिवस फिरले'च. पण मुलं पंधरा आहेत, 'मी' कसं म्हणतील? 'आम्ही आहो ना' केलं तर एक सूर वाढतो.

पऱ्हाटी
'आम्ही' पटकन म्हना, दोन सूर एकात.

सूर_साधक
ट्रॅक संथ असेल तर जमेल. जलद असेल तर 'मी'च ठेवा, एक मुलगी गाईल आणि बाकीचे फक्त 'ना' ओढतील. ट्रॅकचा वेग किती आहे?