अनुभव धागा: जीएसटीच्या '३बी' आणि '२ए'मधील फरकाची नोटीस आणि तिला दिलेले उत्तर

भोसरीची अनघा

माझ्या धाकट्या दिरांच्या चाकणच्या वर्कशॉपला गेल्या आठवड्यात फरकाची नोटीस आली आणि आमच्या भोसरीच्या फॅब्रिकेशन युनिटला आर्थिक वर्ष २०१८-१९ साठी आलेली तशीच नोटीस आठवली. तेव्हा उत्तराचे सगळे कागद मीच तयार केले होते, म्हणून ते कसे मांडले हे इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी अशी उत्तरे दिली आहेत त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.

नोटीस एएसएमटी-१० या नमुन्यात होती. '३बी' या विवरणपत्रात आम्ही १४,८६,३२० रुपयांचा आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतला, पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या 'जीएसटीआर-२ए'मध्ये मात्र ११,७४,०८० रुपयेच दिसतात, तेव्हा ३,१२,२४० रुपयांचा फरक स्पष्ट करावा, एवढाच तिचा मजकूर होता. उत्तर एएसएमटी-११ मध्ये तीस दिवसांच्या आत द्यायचे असते. पहिले दोन दिवस मी उत्तराचा एकही शब्द लिहिला नाही. पोर्टलवरून त्या वर्षाचा २ए पुन्हा उतरवून घेतला आणि खरेदीच्या नोंदवहीशी बिलागणिक जुळवत बसले. हे आधी करावे लागते, कारण पुरवठादाराने उशिरा विवरणपत्र भरले की २ए मागाहून बदलतो आणि नोटिशीतला आकडा अधिकाऱ्यांनी कोणत्या तारखेला काढला हे आपल्याला ठाऊक नसते. आमच्या बाबतीत आकडा तोच निघाला.

मग एका पानाचा गोषवारा केला. त्याच्या प्रत्येक ओळीपुढे रक्कम आणि परिशिष्टाचा क्रमांक होता आणि शेवटची बेरीज नोटिशीतल्या फरकाशी रुपयापर्यंत जुळत होती. पहिली ओळ १,३८,६०० रुपयांची होती. तैवानहून मागवलेल्या सुट्या भागांवर न्हावा शेव्याला भरलेला हा आयजीएसटी. त्या काळात आयातीचा कर २एमध्ये येतच नव्हता, म्हणून बिल ऑफ एंट्री आणि कर भरल्याचे चलन जोडले. दुसरी ओळ २१,४५० रुपयांची होती. नोंदणी नसलेल्या वाहतूकदारांच्या भाड्यावर रिव्हर्स चार्जने आम्हीच रोखीने भरलेला हा कर, त्यामुळे तो दुसऱ्या कोणाच्या विवरणपत्रातून आमच्या २एमध्ये येण्याचा प्रश्नच नव्हता. याला ३बीचा तक्ता ३.१(डी) आणि कॅश लेजर पुरेसे झाले.

तिसरी ओळ १,०६,१९० रुपयांची, म्हणजे मार्च २०१८ च्या ज्या बिलांचा आयटीसी आम्ही एप्रिल २०१८ मध्ये घेतला त्यांची होती. ही बिले २०१७-१८ च्या २एमध्ये दिसत होती. चौथी ओळ ५८,५०० रुपयांची. एका पत्रा पुरवठादाराने आमची बिले आमच्या जीएसटी क्रमांकाऐवजी किरकोळ विक्रीत, म्हणजे बी-टू-सीमध्ये दाखवली होती. पाचवी २८,८०० रुपयांची. तो पुरवठादार विवरणपत्रे न भरताच व्यवसाय बंद करून गेला होता. ही रक्कम आम्ही मान्य केली आणि डीआरसी-०३ ने भरली.

या पाच ओळींची बेरीज ३,५३,५४० होते, म्हणजे नोटिशीतल्या फरकापेक्षा ४१,३०० रुपयांनी जास्त. ही वजाबाकीची ओळ बहुतेक जण विसरतात. मार्च २०१९ ची काही बिले त्या वर्षीच्या २एमध्ये आलेली होती, पण माल आमच्याकडे एप्रिलमध्ये पोचल्यामुळे त्यांचा आयटीसी आम्ही पुढच्या वर्षी घेतला होता. ती रक्कम वजा करून दाखवली तेव्हाच ३,१२,२४० हा आकडा आला. ती लपवली असती तर बेरीज जुळवण्यासाठी दुसरी कोणती तरी ओळ खोटी कमी करावी लागली असती, आणि तपासताना ती नेमकी तिथेच उघडी पडली असती.

उत्तरानंतर एकदा समक्ष बोलावणे आले, मूळ बिले पाहिली गेली आणि पुढे उत्तर मान्य झाल्याचा एएसएमटी-१२ मिळाला.

चिंचवडचे करसल्लागार

अनघाताई, वजाबाकीच्या ओळीबद्दल तुम्ही लिहिले ते फार मोलाचे आहे. त्याला एक जोड देतो. सर्वांत आधी नोटिशीत ३बीचा कोणता आकडा घेतला आहे ते पाहावे. तक्ता ४(ए) ची एकूण बेरीज घेतली असेल तर आयात आणि रिव्हर्स चार्ज हे दोन्ही फरकात येतात, जसे तुमच्या बाबतीत आले. मात्र केवळ ४(ए)(५) ची ओळ घेतली असेल तर ते दोन्ही आधीच बाहेर असतात, आणि तरीही गोषवाऱ्यात त्यांची कारणे लिहिली की बेरीज जुळूच शकत नाही. दुसरे असे की आपण ४(बी) मध्ये काही आयटीसी परत केला असेल आणि नोटिशीत तो वजा न करताच तुलना केली असेल, तर फरकाचा तेवढा भाग आभासी असतो. माझ्याकडे येणाऱ्या नोटिशींत हे वारंवार आढळते. तुमच्या चौथ्या ओळीला कोणता पुरावा जोडला होता?

कोथरूडकर

मुळात २एवर आधारित फरक विचारण्याचा अधिकारच विभागाला नाही. १८ ऑक्टोबर २०१८ च्या सरकारी प्रसिद्धिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की २ए हा करदात्याच्या सोयीसाठी आहे आणि त्यामुळे आयटीसी घेण्यावर परिणाम होत नाही. उत्तरात एवढे एकच वाक्य लिहावे, परिशिष्टांची गरज नाही.

चिंचवडचे करसल्लागार

कोथरूडकर, प्रसिद्धिपत्रक खरे आहे आणि २०१८-१९ च्या उत्तरात मीही त्याचा उल्लेख करतो. परंतु माल मिळाला, बिल हाती आहे आणि पुरवठादाराने कर भरला आहे, या कलम १६ च्या अटी त्या वेळीही होत्याच. त्या पूर्ण झाल्याचे कागद न जोडता केवळ पत्रकावर विसंबले तर प्रकरण कलम ७३ कडे जाते. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) लागू आहे. त्यानंतरच्या काळासाठी बिल २बी या दरमहा तयार होणाऱ्या विवरणात दिसणे हीच अट असल्यामुळे अनघाताईंच्या दिरांची नोटीस अलीकडच्या वर्षाची असेल, तर हा मुद्दा त्यांना उपयोगी पडणार नाही.

वास्तुरेखा

मलाही हीच नोटीस आली होती. एका ग्राहकाच्या हिशेबनिसाने माझ्या बिलावरचा जीएसटी धरून टीडीएस कापला, त्यामुळे २६एएसमध्ये माझी जमा विवरणपत्रापेक्षा जास्त दिसू लागली. मी बिलागणिक तक्ता केला, त्यात मूळ शुल्क, जीएसटी आणि एकूण असे तीन रकाने ठेवले आणि फरक हा जीएसटीचाच आहे हे दाखवले. तेवढ्यावर प्रकरण मिटले.

भोसरीची अनघा

वास्तुरेखाताई, तुमची नोटीस आयकर विभागाची होती, त्यामुळे नमुने आणि मुदती वेगळ्या असतील. तक्त्याची तुमची मांडणी मात्र इथेही चालेल.

करसल्लागार काका, चौथ्या ओळीसाठी २७ डिसेंबर २०२२ च्या १८३ क्रमांकाच्या परिपत्रकाचा आधार घेतला. एका पुरवठादाराकडील वर्षाचा फरक पाच लाखांच्या आत असेल, तर त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र चालते. पाच लाखांच्या वर गेला तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचे यूडीआयएन असलेले प्रमाणपत्र लागते. आम्ही प्रमाणपत्राबरोबर बिले, वजनपावत्या, गेटवरच्या आवक नोंदवहीची पाने आणि बँकेतून पैसे दिल्याचा उतारा लावला.

हडपसरचा मनोज

आम्हाला नोटीस आल्याचे कळलेच नाही. पोर्टलवर View Notices and Orders मध्ये काहीच नव्हते, ती View Additional Notices/Orders मध्ये होती. थेट डीआरसी-०७ चा, म्हणजे कराच्या मागणीचा आदेश आला तेव्हा समजले. आता अपील केले आहे, त्यासाठी वादातल्या कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागली. फरक मोठा नव्हता, पण उत्तर नसल्यामुळे सगळा कर, व्याज आणि दंड लागला आहे.

सिंहगड रोड गृहिणी

मनोजभाऊ, वाचून फार वाईट वाटले. माझ्या यजमानांच्या दुकानाचा नोंदणीकृत ईमेल जुन्या हिशेबनिसाचा होता, त्यामुळे आमच्यापर्यंतही काहीच येत नसे. ईमेल आणि मोबाइल क्रमांक बदलून घेतल्यावर सूचना मिळू लागल्या. तुमचे अपील मुदतीत झाले ना?

हडपसरचा मनोज

हो वहिनी, तीन महिन्यांच्या आत झाले आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.

कोथरूडकर

अनघाताईंनी २८,८०० रुपये मान्य करायला नको होते, असे माझे मत आहे. तुम्ही पुरवठादाराला करासकट पैसे दिलेले होते. त्याने कर भरला नाही ही त्याची चूक आहे, खरेदीदाराने दुसऱ्यांदा का भरावा? आणि भरलेच तर त्यावर १८ टक्के व्याजही लागलेच असणार.

भोसरीची अनघा

हा प्रश्न आमच्याही मनात होता आणि ते पैसे भरताना वाईटच वाटले. पण त्या पुरवठादाराने ३बीच भरलेला नव्हता, त्यामुळे कर भरल्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडून मिळणे शक्य नव्हते, आणि या एका ओळीसाठी बाकीच्या स्वच्छ ओळी अडकून पडू नयेत असे आम्ही ठरवले. व्याज लागले नाही. त्या काळात क्रेडिट लेजरमधील शिल्लक कधीही २८,८०० च्या खाली गेली नव्हती, म्हणजे तो आयटीसी घेतला गेला तरी वापरला गेला नव्हता. त्या लेजरचा महिन्यागणिक उतारा सहावे परिशिष्ट म्हणून लावला होता.

चिंचवडचे करसल्लागार

कलम ५०(३) प्रमाणे घेतलेला आणि वापरलेला अशा आयटीसीवरच व्याज असल्यामुळे लेजरचा उतारा हा योग्य पुरावा होता. रक्कम मान्य करावी की लढावे, यावर मात्र मी कोथरूडकरांना चूक म्हणणार नाही. उच्च न्यायालयांचे निर्णय दोन्ही बाजूंनी आहेत. रक्कम वीस लाख असती तर मीही लढण्याचाच सल्ला दिला असता.

नवीन उद्योजिका

माझी अडचण वेगळी आहे. पुरवठादार पिंपरीतच आहे, पण प्रमाणपत्र मागितले की फोन उचलत नाही. त्याला काय लिहून मागावे, म्हणजे तो नाही म्हणणार नाही?

भोसरीची अनघा

कोरे प्रमाणपत्र मागू नका, मजकूर तुम्हीच छापून न्या. आम्ही नेलेल्या मजकुरात बिलांचे क्रमांक, तारखा, करपात्र रक्कम आणि कराची रक्कम यांचा तक्ता होता. त्याखाली असे लिहिले होते: "वरील विक्री प्रत्यक्ष झालेली असून तिच्यावरील कर आम्ही अमुक महिन्याच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्राद्वारे शासनाकडे भरला आहे, जीएसटीआर-१ मध्ये ही बिले अनवधानाने बी-टू-सी या सदरात दाखवली गेली." त्याच्या हिशेबनिसाला आधी भेटलात तर बरे, कारण महिना कोणता हे त्यालाच ठाऊक असते. आमच्या पुरवठादाराला ही आपल्यावरची कबुली वाटत होती. कर भरलेला असल्यामुळे त्याला नव्याने काही भरायचे नाही, हे त्याच्याच ३बीचे पान समोर ठेवून दाखवल्यावर त्याने सही आणि शिक्का दिला. तुमचा फरक कोणत्या वर्षाचा आहे ते मात्र आधी सांगा, कारण १८३ चे परिपत्रक २०१७-१८ आणि २०१८-१९ पुरतेच आहे.