मदत हवी आहे: कमाई सुरू असलेला यूट्यूब चॅनल कायमचा डिलीट करायचाय, आधी काय काय उरकू?

कागदफूल:
माझा कागदकामाचा चॅनल आहे. सहा वर्षं चालू आहे, १४० व्हिडिओ, ६,२०० सबस्क्रायबर, ३८ प्लेलिस्ट. जवळजवळ सगळ्या व्हिडिओंत माझी मुलगी आहे. पहिल्या व्हिडिओत ती सात वर्षांची आहे, आता तेरावं लागलंय. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "आई, हे सगळं काढून टाक." तिचं म्हणणं मला पटलंय, त्यामुळे चॅनल ठेवावा की नाही हा प्रश्न नाही. पण अॅडसेन्समध्ये ४६ डॉलर पडून आहेत आणि मागच्या महिन्याचे अंदाजे १९ अजून जमा व्हायचेत. १०० झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, मग हे बुडणार का? आणि मुलीचे व्हिडिओ आमच्यापाशी राहायला हवेत. जुन्या फोनबरोबर मूळ फाइल गेल्या.

भरारी२२:
ताई, डिलीट कशाला? `I want to hide my channel` निवडा. सगळं जसंच्या तसं राहतं, मनात आलं की परत चालू.

जुनाखेळाडू:
भरारी, व्हिडिओ आणि प्लेलिस्ट खाजगी होतात हे बरोबर. पण जाहिराती दिसणार नाहीत, म्हणजे कमाई थांबली. शिवाय सहा महिने काहीच टाकलं नाही तर यूट्यूब कमाईची सोय काढून घेऊ शकतं. तेव्हा "जसंच्या तसं" नाही. तरी ताई, तुमची तयारी होईपर्यंत लपवून ठेवणं मला योग्य वाटतं. मुलीचा चेहरा आजच दिसेनासा होईल.

पैशांचं असं आहे. मागच्या महिन्याची कमाई ७ ते १२ तारखेच्या दरम्यान पक्की होऊन अॅडसेन्सला जमा होते. स्टुडिओत दिसतो तो फक्त अंदाज. चालू महिन्यातही काही मिळालं असेल तर ते पुढच्या महिन्यात याच तारखांना येईल, तेवढी वाट पाहा. शेवटचा आकडा अॅडसेन्समध्ये दिसला की मगच चॅनल डिलीट करा आणि त्यानंतर अॅडसेन्स खातं बंद करा. १०० ची अट खातं चालू असताना असते. बंद करताना शिल्लक १० डॉलरच्या वर असेल तर ती साधारण ९० दिवसांत देतात. म्हणजे तुमचे ६५ बुडत नाहीत. पण पत्त्याचा पिन टाकलेला हवा, बँक खातं जोडलेलं हवं आणि पेमेंट रोखल्याची लाल पट्टी नको. ती पट्टी असताना खातं बंद केलंत तर पैसे अडकतात.

सायलीचीआई:
माझंही असंच झालं! मी सरळ गुगल अकाउंटच उडवलं. मेल गेले, फोटो गेले, अॅडसेन्समध्ये शिरायची वाटच राहिली नाही. तुम्ही अकाउंट डिलीट करू नका हो!

कागदफूल:
सायलीची आई, मी चॅनलच काढतेय, अकाउंट ठेवणार आहे. पण सांगितलंत ते बरं झालं, माझं अॅडसेन्स त्याच मेलवर आहे. आत्ता पाहिलं, पिन टाकलेला आहे, बँकही जोडलेली आहे. काल टेकआउटमधून व्हिडिओ मागवले, तर फाइल उघडल्यावर आत एकही व्हिडिओ नाही!

जुनाखेळाडू:
चॅनल ब्रँड अकाउंटवर असेल. टेकआउटमध्ये फाइल मागवण्याआधी वर उजवीकडच्या चित्रावर टिचकी मारून चॅनलचं खातं निवडा. सध्या तुमच्या वैयक्तिक खात्याचा डेटा आला असणार. डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभरच चालते. उतरवल्यावर १४० फाइल मोजा, पाच-सहा शेवटपर्यंत चालवून पाहा. प्लेलिस्टच्या फाइलमध्ये फक्त व्हिडिओंचे आयडी येतात, शीर्षकं नाहीत. क्रम आणि नावं हवी असतील तर वेगळी उतरवून घ्या.

कागदफूल:
खातं बदलल्यावर आले! १३८ आहेत, दोन कुठले राहिले ते शोधतेय. प्लेलिस्टची नावं मुलगीच वहीत लिहितेय, "ही मी ठेवली होती ना?" असं विचारत. पाच प्लेलिस्टमध्ये दुसऱ्यांचे व्हिडिओ आहेत, तेही चॅनलबरोबर जाणार ना?

जुनाखेळाडू:
प्लेलिस्ट जाईल, त्यांचे व्हिडिओ त्यांच्या चॅनलवर राहतील. उलट तुमचे व्हिडिओ लोकांनी त्यांच्या प्लेलिस्टमध्ये ठेवले असतील तिथे मात्र काही चालणार नाही.

एक गोष्ट डिलीट करण्याआधीच करा. स्टुडिओच्या कॉपीराइट विभागात तुमच्या व्हिडिओंच्या प्रती कुणी पुन्हा टाकल्यात का ते दिसतं. पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण प्रतीच सापडतात, कापलेले तुकडे नाही. चॅनल गेल्यावर ही यादी तुम्हाला दिसणार नाही.

कागदफूल:
पाहिलं. तीन प्रती निघाल्या, एकीवर मुलगी सात वर्षांची आहे. आधी त्या काढायला अर्ज करते, मग चॅनलकडे वळते. पण कापलेल्या तुकड्यांचं काय करावं? कुणी असे शोधून काढलेत का?