घरात फुगलेली बॅटरी सापडली तेव्हा काय केलंत? (ई-कचरा संकलनाआधीचा अनुभव धागा)

सोसायटीचा कचरा गट, कर्वेनगर
फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी, सकाळी ९ ते १, पार्किंगमध्ये ई-कचरा घेणार आहोत. मोबाइल, चार्जर, वायरी, लॅपटॉप, प्रिंटर, मिक्सर, इस्त्री, सगळं आणा. ट्यूब आणि सीएफएल वेगळ्या खोक्यात, न फोडता. त्यात पारा असतो. माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो आणि वजनाची पावती नोटीस बोर्डावर लावतो. कुठल्याही भंगारात गेला तर तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, म्हणून ही पावती.

या वेळी बॅटऱ्या मात्र वेगळ्या घेणार आहोत. मागच्या खेपेला कोणीतरी पिशवीभर सामान क्रेटमध्ये ओतलं. तळाशी पॉवर बँक, वर जुनी लोखंडी इस्त्री. टेम्पोत चढवताना क्रेट आपटला, फुस्स आवाज झाला आणि पांढरा धूर. वॉचमननी क्रेट ओढून मोकळ्यावर उलटा केला म्हणून निभावलं. तुमचे अनुभव लिहा.

ए-४, तिसरा मजला
आमच्याकडे कपाटात जुना मोबाइल होता. मागचं झाकण आपोआप उचकटलं होतं. आधी वाटलं, नातवाने उघडला. टेबलावर ठेवला तर गोल गोल फिरायला लागला, भोवऱ्यासारखा! ह्यांनी वरून दाबून बसवायचा प्रयत्न केला. मीच ओरडले.

सी-११, निवृत्त, बॅटरी दुरुस्तीत तीस वर्षं
वहिनी, ओरडलात ते उत्तम केलंत. सेलच्या आत वायू साठतो म्हणून तो फुगतो. आतले दोन थर पातळ पडद्यानेच वेगळे ठेवलेले असतात. दाबलं, वाकवलं, टोचलं आणि पडदा फाटला की आतच शॉर्ट होतो, मग तापमान आवरत नाही. तुमच्या क्रेटमध्ये इस्त्रीने तेच केलं.

फुगलेली वस्तू चार्जिंगला लावू नका, उघडू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घेऊन त्यात ठेवा. झाकण नुसतं टेकवा, घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. डबा बाल्कनीत ठेवा, पण उन्हात नको. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर बॅटरी गळतेय असं समजा.

न फुगलेल्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. पिशवीत दोन टोकं किल्लीला किंवा एकमेकांना लागली तरी शॉर्ट होतो.

बी-७
काका, माझा भाचा मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवतो. त्याने चार्ज उतरतो, मग धोका नाही. व्हिडिओपण आहे.

सी-११
चार्ज उतरतो, तेवढं खरं. पण टोकं गंजून निघून गेली तर उतरणं मध्येच थांबतं आणि आत किती उरलाय ते बाहेरून कळत नाही. शिवाय ते पाणी कुठे ओतणार? फुगलेली असेल तर जशी आहे तशीच राहू दे. पॉवर बँक धडधाकट असेल तर तिच्यावर एखादा छोटा दिवा लावून ती उतरव, ते बरं.

बी-२
माझा प्रश्न इन्व्हर्टरच्या बॅटरीचा आहे. फुगलेली नाही, पण पाणी सारखं कमी होतं. आणि मिक्सर चालू आहे, त्याचे किती मिळतील?

सोसायटीचा कचरा गट
काकू, चालू मिक्सर कोणाला तरी देऊन टाका, आम्ही पैसे देत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची, ती आमच्या क्रेटमध्ये नको. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि बिलात पैसे कमी करतो. त्यातलं ॲसिड मात्र मोरीत ओतू नका.

डी-९
माझं वेगळंच. लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, म्हणजे खाली बॅटरी फुगलीय. आत मुलीच्या लहानपणीचे फोटो आहेत. तपकीर गल्लीत दोन दुकानांत नेला. एकाने हात लावला नाही, दुसरा म्हणाला, बॅटरी काढून थेट चार्जरवर चालवू. देऊ का?

सी-११
काढायची असेल तर बॅटरी चिकटवलेली आहे का, हे आधी विचारा. स्क्रूने बसवलेली असेल आणि माणूस प्लॅस्टिकच्या पट्टीने सावकाश काढत असेल तर जमतं. डिंकाने चिकटवलेली फुगीर बॅटरी खरवडून काढणाऱ्याच्या हातात मी देणार नाही. डिस्क सुटी निघत असेल तर फोटो दुसऱ्या यंत्रावर वाचता येतील. काही मॉडेल्समध्ये ती बोर्डावरच पक्की असते, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

डी-९
मॉडेल बघून सांगते. तोपर्यंत वाळूचा डबा एवढा मोठा कुठून आणू?

ए-४
माझ्याकडे रिकामा तेलाचा डबा आहे, १५ लिटरचा. वरचा पत्रा कापलाय. संध्याकाळी ये घेऊन जायला. वाळू ए विंगच्या रंगकामाची पडलीय खाली.