मदत हवी आहे: गुंतवणूकदारांना तिमाही ईमेल लिहितोय, वाईट बातमी कशी सांगू?

धायरीकर
नमस्कार मंडळी. धायरीत ज्वारी-नाचणीच्या चिवड्याचं आमचं छोटं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. दोन वर्षांपूर्वी 14 जणांनी दीड ते चार लाख घातले. मावसभाऊ, जुन्या ऑफिसातले सहकारी, शाळेतले एक सर. जुलै-सप्टेंबरचा ईमेल तीन दिवस लिहितोय आणि खोडतोय.

विक्री 18.4 लाखांवरून 14.9 लाखांवर आली. बँकेत 30 जूनला 17.5 लाख होते, 30 सप्टेंबरला 11.2. म्हणजे महिन्याला 2.1 लाख जातायत, पाच महिने निघतील. दिवाळीच्या गिफ्ट ऑर्डरीचे 1.8 लाख आगाऊ आले, तेवढाच आधार.

पावसाळ्यात चिवडा मऊ पडला आणि दुकानांतून 1,900 पाकिटं परत आली. एक पाकीट बादलीत पाण्याखाली दाबून धरलं, तर सीलच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळच वर आली. भरताना मसाल्याची पूड सीलच्या जागी बसत होती.

मसुद्यात सध्या एवढंच आहे: ‘पावसाळ्यामुळे विक्रीत थोडी घट झाली.’ शेवटी विनंत्या चार: ओळखी द्या, इन्स्टावर शेअर करा, पॅकिंगवाला सुचवा, जमल्यास आणखी पैसे घाला. सरांसमोर हे कसं मांडू कळत नाही.

कर्वेनगर_काका
पैसे परत मागतायत का? मग आधी सीएला गाठा, ईमेल नंतर.

धायरीकर
नाही काका, कुणी मागितलेले नाहीत. फक्त कळवायचं आहे.

शेअरबाजार_रोज
तिमाही निकाल द्यायचं बंधन लिस्टेड कंपनीला असतं. तुम्ही वर्षाचे हिशोब दिलेत की झालं. चांगलं आधी लिहा, परत आलेल्या मालाचा विषयच काढू नका.

खातेवही
कायद्याचं म्हणणं बरोबर आहे, पण शेअर देताना केलेला करार काढून बघा. त्यात तिमाही माहिती देण्याचं कलम असेल तर तेही पाळावंच लागतं.

धायरीकर, तुमचा पाच महिन्यांचा हिशोब मात्र चुकतोय. बँकेतून 6.3 लाख कमी झाले खरे, पण त्यात आगाऊ आलेले 1.8 लाख धरलेत. ते बाजूला काढा. खरे गेले 8.1 लाख, म्हणजे महिन्याला 2.7. मग 11.2 लाख चारच महिने पुरतात, जानेवारीअखेरपर्यंत. शिवाय त्या गिफ्ट ऑर्डरींचा कच्चा माल याच 11.2 लाखांतून घ्यायचाय. आगाऊ रक्कम ही विक्री नव्हे, माल देईपर्यंत ते देणंच असतं. पाच महिने लिहाल आणि जानेवारीत पैसे मागाल, तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल.

दुकानदारांकडून येणं किती?

धायरीकर
6.1 लाख. त्यातले 3.8 एकाच वितरकाकडे, 60 दिवसांच्या वर. आगाऊ रकमेचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

खातेवही
मग ते 3.8 लाख वेगळ्या ओळीत लिहा, चार महिन्यांत धरू नका. आणि पावसाळ्याला दोष देऊ नका, पाऊस दरवर्षी येतो. पूड सीलमध्ये बसली, 1,900 पाकिटं परत आली, आता काय बदललंत, हे सलग लिहा. बदललंत ना काही?

धायरीकर
हो. मसाला आता चिवड्यात आधीच कालवून मग भरतो. प्रत्येक तासाला पाच पाकिटं बादलीत तपासतो. गेल्या 12 दिवसांत दोनच गळकी निघाली.

मेधा_बावधन
मी स्वतः एका ओळखीच्यांच्या कंपनीत दोन लाख घातलेत. दीड वर्ष एक ओळ नाही, मग एकदम ‘अजून पैसे हवेत’. तोट्यापेक्षा त्या गप्प बसण्याचा राग जास्त आला. तुमची बादलीची गोष्ट मला पाठवली असती तर मी शांत झोपले असते.

विनंती एकच ठेवा हो दादा. चार वाचून मी तर एकही करणार नाही. नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत, ते सांगा.

धायरीकर
ताई, खातेवही, हा नवा मसुदा बघाल?

‘या तिमाहीत विक्री 18.4 लाखांवरून 14.9 लाखांवर आली. बँकेत 11.2 लाख आहेत, आजच्या खर्चाने जानेवारीअखेरपर्यंत पुरतील. येणं 6.1 लाख, पैकी 3.8 लाख थकलेले. घट आमच्या पॅकिंगमधल्या चुकीमुळे झाली, तपशील खाली. डिसेंबरपर्यंत दुकानांऐवजी ऑफिसांच्या पॅन्ट्रींवर भर देणार आहोत, तिथे माल आठवड्यात संपतो. एकच विनंती: हिंजवडी किंवा खराडीत पॅन्ट्रीची खरेदी बघणाऱ्या एका व्यक्तीशी 20 ऑक्टोबरच्या आत ओळख करून द्या. पुढे पाठवायला तीन ओळी खाली दिल्या आहेत.’

मेधा_बावधन
याला मी लगेच उत्तर दिलं असतं. सगळ्यांचे पत्ते बीसीसीत टाका तेवढे.

खातेवही
‘आजच्या खर्चाने’च्या पुढे ‘दिवाळीची आगाऊ रक्कम वगळून’ घाला. जानेवारीत पैसे लागतील हे आत्ताच सूचित करावं, असं माझं मत आहे.

शेअरबाजार_रोज
तेवढं तरी नको. थकलेले 3.8 लाख आले तर गरजच पडणार नाही, उगाच 14 घरांत चिंता.

धायरीकर
इथेच अडलोय. वितरकाने शुक्रवारी चेक देतो म्हटलंय. शुक्रवारी संध्याकाळी त्या ओळीचं ठरवतो, बाकी ईमेल तयार ठेवतो.