मदत हवी आहे: एकतर्फी प्रेमाच्या रिडींगमध्ये फोर ऑफ कप्स आणि सेव्हन ऑफ कप्स दोन्ही आले, मनातले मांडे की खरंच काही आहे?

पावसाळी_छत्री:
नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे त्याबद्दल आधीच सॉरी. मी टॅरो स्वतःच शिकतेय, दीड वर्ष झालं, डेक रायडर वेट स्मिथचाच आहे. ऑफिसमध्ये एक जण आहे, दोन वर्षं एकाच टीममध्ये आहोत, मला तो खूप आवडतो आणि त्याला काही माहीत नाही (किंवा माहीत असून दाखवत नाही, इथेच तर घोडं अडलंय).

परवा रात्री तीन कार्डांचा स्प्रेड काढला. पहिलं मी, दुसरं तो, तिसरं आमच्यात प्रत्यक्षात काय आहे. माझ्या जागी सेव्हन ऑफ कप्स, त्याच्या जागी फोर ऑफ कप्स, तिसऱ्या जागी एट ऑफ पेंटॅकल्स. सगळी सरळ, मी उलटी कार्डं वाचत नाही.

सेव्हन बघूनच पोटात गोळा आला कारण ते म्हणजे भ्रम हे सगळीकडे वाचलंय. पण फोरमध्ये ढगातून हात येऊन कप देतोय आणि तो माणूस हाताची घडी घालून बसलाय, म्हणजे मी देतेय आणि त्याचं लक्षच नाही असं पण होतं ना? म्हणजे लक्ष गेलं तर चान्स आहे? मग मी क्लॅरिफायर काढले, एक, दोन, तीन, चौथ्याला टू ऑफ कप्स आलं!! आणि तेव्हापासून झोप नाही. हे दिवास्वप्न की खरी शक्यता, कसं ओळखायचं? प्लीज कोणी हसू नका.

कोकणी_मेवा:
फोर म्हणजे त्याला इंटरेस्ट नाही, सेव्हन म्हणजे तुझा भ्रम, दोन्ही नाहीच म्हणतायत. कप्सच्या रिडींगमध्ये ही दोन आली की मी पुढे बघतच नाही. सॉरी, कडू आहे पण खरं आहे.

रवी_नागपूर:
जन्मवेळ अचूक आहे का? सप्तम स्थान आणि शुक्र बघा आधी. पत्त्यांनी गुण जुळत नसतात ताई.

पावसाळी_छत्री:
@रवी_नागपूर दादा लग्न जुळवायचं नाहीये हो, तो माझ्याशी कामाशिवाय धड बोलत पण नाही, गुण कुणाचे जुळवू 😅

जुना_पिंपळ:
मेवा, अर्धं बरोबर बोललीस, पण नुसती कीवर्ड वाचलीस. चित्रं शेजारी शेजारी ठेव आणि बघ.

छत्री, तू पण तेच कर, आत्ता, फोटो नको, कार्डं हातात घे. १९०९ मध्ये पामेला कोलमन स्मिथने ही चित्रं काढली आणि दोन्हींत ढग आहे. फोरमध्ये ढग एवढासा आहे, त्यातून एक हात बाहेर आलाय आणि त्या हातात एकच कप. शिवाय तीन कप समोर गवतावर ठेवलेत. सेव्हनमध्ये सातही कप ढगावरच ठेवलेत, जमिनीवर एकही नाही आणि देणारा हात कुठेच नाही. कुणीच काही देत नाहीये, नुसतं मांडून ठेवलंय. बघणारा तर काळी सावली आहे, पाठमोरी, त्याचा चेहरा पण दिसत नाही.

तुझ्या प्रश्नात मी हाच फरक धरतो. दिवास्वप्नात देणारा हात नसतो. खऱ्या शक्यतेत असतो, भले समोरचा घेत नसेल.

आता सेव्हनच्या कपांत काय काय आहे बघ. एकात बाईचं डोकं, एकात साप, किल्ला, दागिने, ड्रॅगन, विजयाची माळ (ती ज्या कपात आहे त्याच्यावर बारीक कवटी आहे, नीट बघ, पुष्कळांना वर्षानुवर्षं दिसत नाही) आणि मधोमध वरच्या बाजूला चादर पांघरलेली, हात पसरलेली, चमकणारी आकृती. ती कोण यावर लोक भांडतात. प्रेमाच्या रिडींगमध्ये मला ती आकृती म्हणजे तुझा "तो" वाटते. चादर तू घातलीयस, खाली कोण आहे ते तुला अजून माहीत नाही.

आणि सेव्हन तुझ्या जागी आलंय, त्याच्या जागी नाही. ते तुझ्या बघण्याबद्दल बोलतंय. तो वाईट आहे, तो नाही म्हणेल, असं काही त्यात नाहीच.

पावसाळी_छत्री:
कवटी खरंच आहे!! दीड वर्षात दिसली नव्हती 😳

मग फोरमध्ये हात माझा ना? मी देतेय तो घेत नाही?

जुना_पिंपळ:
तिथेच जपून. त्या हातातून तू काय देतेयस? खरं सांग, आजवर तू त्याला असं काही दिलंयस का की ज्याला तो हो किंवा नाही म्हणू शकेल? मनात दिलेला कप फोरमध्ये धरत नाहीत गं, तो सेव्हनमधलाच आठवा कप.

एक काम कर. मोबाईलमधलं चॅट उघड, मागचे सहा आठवडे. बोलणं कुणी सुरू केलं ते मोज. स्माईली, "सीन" किती वाजता, स्टेटस कुणाला उद्देशून, यातलं काही मोजायचं नाही. कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढंच मोज.

आणि क्लॅरिफायरचं. तुला चांगलं वाटेल अशी प्रेमाची कार्डं ७८ मध्ये अंदाजे १२ धर. तीन टेबलावर, उरली ७५. त्यातून चार ओढलीस तर निदान एक गोड कार्ड येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. टॉसच की. आणि तू ते आल्यावरच थांबलीस, बरोबर? चौथ्याला टॉवर आलं असतं तर पाचवं काढलं असतंस की नाही?

पावसाळी_छत्री:
काढलं असतं 🙈 पहिली तीन कोणती होती ती मी लिहून पण ठेवली नाहीत.

मिरची_भजी:
माझं पण असंच होतं, वेगळ्या बाजूनं. दोन वर्षांपूर्वी मी पण एकाच्या मागे वेडी होते आणि घरच्यांनी एक स्थळ आणलं होतं, मुलगा चांगला होता, मी त्याच्याशी बोललेच नाही नीट. तेव्हा सारखं फोर यायचं आणि मी म्हणायचे बघा, माझा हिरो लक्ष देत नाहीये. एका दिवशी पेटली ट्यूब, अगं झाडाखाली हाताची घडी घालून मीच बसलेय! माझ्यापुढे कप धरलेला आणि मी दुसरीकडेच बघतेय. ते स्थळ तोवर गेलं होतं, आता त्याला मुलगी पण आहे. म्हणून म्हणते, फोर त्याच्या जागी आलं म्हणून तोच त्यात आहे असं समजू नकोस.

जुना_पिंपळ:
भजी, तुझं तुला बरोबर होतं. पण छत्रीने जागा आधी ठरवल्या होत्या, दुसरं म्हणजे "तो". सोयीप्रमाणे जागा बदलत गेलं तर कुठलंही कार्ड कुणालाही बसतं. मी तरी बदलणार नाही.

थॉथ_वाला:
पिंपळराव, तुमचं हाताचं लॉजिक आवडलं, पण वेटच्या स्वतःच्या पुस्तकात फोरमधल्या त्या चौथ्या कपाला पण परीने दिल्यासारखी भेट म्हटलंय आणि सेव्हनची सुरुवातच परीच्या कृपेपासून होते. म्हणजे त्याच्या मते फोरमधला कप पण पूर्ण ठोस नाही, तो हात पण ढगातूनच येतोय ना? गोल्डन डॉनमध्ये फोरला चंद्र कर्केत, सेव्हनला शुक्र वृश्चिकेत. चंद्र स्वतःच्या घरात, म्हणून आरामात सुस्तावलेला, आणि शुक्र वृश्चिकेत अगदी अवघडलेला, हवं खूप पण मिळालेलं पचत नाही. मी फोरला तरी "खरी शक्यता" म्हणणार नाही, "आळस" म्हणेन.

जुना_पिंपळ:
परीची भेट हा मुद्दा मान्य, पुस्तकात तसं आहे. पण एसमध्ये पण हात ढगातूनच येतो आणि एस ऑफ कप्सला कुणी भ्रम म्हणत नाही. सेव्हनबद्दल वेट म्हणतो थोडंफार हाती लागेल पण टिकाऊ, भरीव असं काही नाही. फोरबद्दल तो असं म्हणत नाही, तिथे अडचण घेणाऱ्याच्या कंटाळ्यात आहे. यावर आपण रात्रभर भांडू शकतो, छत्रीला झोपू दे.

पावसाळी_छत्री:
झोप कुठली, मोजत बसले होते. सहा आठवड्यांत ४१ वेळा बोलणं झालं (सलग मेसेज एकच धरले). त्यातली ३८ मी सुरू केलेली. पोटात खड्डा पडला आकडा बघून. त्याने सुरू केलेली ३. दोन एक्सेल शीटबद्दल. तिसरं, माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या संध्याकाळी, "कसं झालं काकूंचं? काही लागलं तर सांग." मी ऑफिसमध्ये एकदाच बोलता बोलता तारीख सांगितली होती, त्याने लक्षात ठेवली.

आता सांगा हा हात आहे की नाही 😭

कोकणी_मेवा:
ही माणुसकी आहे. मी पण विचारते सगळ्यांना.

मिरची_भजी:
मेवा तू विचारतेस, ऑफिसातले मुलगे तारखा लक्षात ठेवत नाहीत गं.

जुना_पिंपळ:
हात आहे. पण हातात कोणता कप आहे ते त्या मेसेजवरून कळत नाही, आणि कळतंय असं म्हटलं की पुन्हा सेव्हनमध्ये गेलो. काळजीचा कप असू शकतो, मैत्रीचा असू शकतो. तो दिला गेला हे मात्र खरं घडलंय, स्क्रीनवर आहे. बाकीच्या ३८ मध्ये देणारी तूच.

तुझं तिसरं कार्ड कुणीच बघत नाहीये. एट ऑफ पेंटॅकल्स, बाकावर बसून छिन्नी हातोडीने एकेक नाणं घडवणारा कारागीर. तुमच्यात प्रत्यक्षात काय आहे असं विचारलंस आणि उत्तर आलं काम. फोरमध्ये गवतावर तीन कप आहेत, ते पण असेच रोजचे, हाताशी असलेले, त्यांच्याकडे त्याचं लक्ष असेल नसेल. माझं वाचन असं: आज तुमच्यात एकत्र काम आहे आणि थोडी आपुलकी, प्रेमाचा प्रश्न अजून विचारलाच गेलेला नाही. विचारला नाही म्हणून उत्तर नाही. नकार आलाय असं मी म्हणणार नाही, चान्स आहे असं पण म्हणणार नाही. त्याच्या मनात काय आहे ते या पत्त्यांतून मला दिसत नाही आणि कुणी दिसतं म्हणालं तर त्याला पैसे देऊ नकोस.

खरं काय ते बघायचं असेल तर एक महिना पत्ते बंद. दोन आठवडे तू स्वतःहून मेसेज सुरू करू नकोस, कामाचे सोडून. मग वहीत लिही काय काय आलं.

थॉथ_वाला:
याला माझा विरोध. एकही मेसेज न पाठवता बसणं म्हणजे झाडाखाली हाताची घडीच झाली की, आता तिची. त्यापेक्षा सरळ विचार, शनिवारी चहाला येतोस का, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, दोघंच. हो आलं तर हो, नाही तर नाही, "बघू" आलं तर ते नाहीच धर.

जुना_पिंपळ:
हे पण चालेल. एकाच टीममध्ये आहेत म्हणून मी जरा सावध बोललो, नाही आलं तरी सोमवारी शेजारी बसायचंय.

रवी_नागपूर:
शनिवारी अमावस्या तर नाही ना बघून घ्या.

पावसाळी_छत्री:
😂 @रवी_नागपूर दादा बघते.

पिंपळदादा, थॉथदादा, दोघांचं पटतंय आणि दोन्ही एकत्र करता येत नाही. चहाचा मेसेज टाईप करून ठेवलाय, पाठवला नाहीये. पुन्हा एक कार्ड काढावंसं खूप वाटतंय, पाठवू की नको यावर, डेक आईच्या कपाटात ठेवून आलेय. आणि एक विचारायचं होतं, टाईप करत असताना त्याचं "टायपिंग" दिसलं आणि मग गेलं, हे कॅमेऱ्यात टिपता येतं, हे मोजायचं का?

जुना_पिंपळ:
नाही.