सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर पाहिजेत का? आणि मग 4 बाय 6 की 5 बाय 8 की अजून मोठा?

अनगोळ_नवं_घर
आमचा हॉल 11 फूट 4 इंच बाय 15 फूट. लांब भिंतीला 3 सीटर सोफा, 7 फूट लांब आणि 34 इंच खोल. समोर टीव्ही युनिट 16 इंच खोल, मधे 22 इंच रुंदीचा टीपॉय, बाजूला एक सिंगल खुर्ची. खडेबाजारात 4 बाय 6, 5 बाय 8, 6 बाय 9 असं बघून आलो. मिसेस म्हणते सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आलेच पाहिजेत, मला वाटतंय टीपॉयखाली 4 बाय 6 बास. सांगा की ओ काय घेऊ.

निपाणीकर
4 बाय 6 घ्या आणि मोकळे व्हा. पाय वर घेतले की रोज झाडताना सोफा हलवायचा, गालिच्याला पायाचे खड्डे पडतात ते पडतात. आमच्याकडं सहा वर्षं टीपॉयखालीच आहे, उचलला, गच्चीवर झटकला, परत टाकला, दोन मिनटांचं काम. पाय वर पाहिजेत हे सगळं फोटोतल्या घरांचं आहे, आपल्या घरात माणसं राहतात.

टिळकवाडीवाली
निपाणीकर, झटकायचा मुद्दा तुमचा खराय, त्यावर वाद नाही. पण मी पडदे आणि सोफ्याच्या कापडाचं काम करते, लोकांच्या घरात जाऊन माप घेणं हेच रोजचं, आणि सात फुटी सोफ्यापुढं सहा फुटी गालिचा हीच चूक सगळ्यात जास्त दिसते मला. सहा फूट म्हणजे 72 इंच. सोफ्याच्या पुढच्या दोन टोकांच्या पायांमधलं अंतर टेप लावून बघा, 84 इंची सोफ्यात साधारण 76 ते 78 भरतंय. म्हणजे पुढचे पाय वर घ्यावेत की नकोत हा प्रश्नच 4 बाय 6 ला येत नाही, कितीही आत सरकवलात तरी दोन्ही पाय फरशीवरच राहणार. मग तो गालिचा कशालाच धरून नसतो, पोरं पळाली की टीपॉयसकट सरकतो आणि महिन्याभरात वाकडा दिसायला लागतो.

रुंदीतपण तीच गत. सोफा आणि टीपॉयमधे गुडघ्याला 16 इंच तरी जागा लागते, त्यात टीपॉयचे 22, झाले 38. गालिचा 48 इंचाचा, म्हणजे पाय न गाठता सोफ्याखाली नुसता 10 इंच घातला तरी टीपॉयचे लांबचे पाय बरोब्बर काठावर येतात. एक पाय कापडावर, एक फरशीवर, चहाचा कप ठेवला की टीपॉय डुगडुगणार.

चिकोडी_ते_बेळगाव
आमच्या जुन्या घरात सोप्यात मोठं जाजम होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, हळदीकुंकवाला तीसेक बायका बसायच्या त्यावर. तुम्ही पण जाजमच घ्या, पाहुणे आले की पसरायचं, गेले की घडी. सोफ्याचे पाय वगैरे भानगडच नको.

अनगोळ_नवं_घर
काका, जाजम आहे घरात, आईचं. पण मी कायम अंथरून ठेवायचं विचारायलोय, बसायला पसरायचं नव्हे.

हुबळीरोड
नियम सोप्पा आहे, चारी भिंतींपासून 18 इंच सोडायचे आणि उरलेलं सगळं झाकायचं. तुमचा हॉल बघता 8 बाय 10 घ्या, सगळं फर्निचर वर येईल, खोली मोठी दिसेल. लहान गालिच्यानं खोली लहान दिसते हे तर सगळ्यांना माहितीच आहे.

टिळकवाडीवाली
लहान गालिच्यानं खोली लहान दिसते हे बरोबर. पण भिंतीपासून 18 इंच हा हिशोब मोठ्या दिवाणखान्याचा, जिथं सोफा खोलीच्या मधे ठेवलेला असतो. आपल्याकडं सोफा भिंतीला टेकलेला. यांच्या हॉलमधे मांडून बघू. रुंदी 136 इंच. गालिचा भिंतीपासून 18 वर सुरू केला तर 96 इंच धरून 114 वर संपतो, आणि टीव्ही युनिट सुरू होतंय 120 ला. मधे उरली सहा इंचाची पट्टी, तिथं झाडू नीट फिरत नाही आणि सगळी धूळ तिथंच. वर घरात कुणालाही आत जायचं असेल तर गालिच्यावरूनच, दुसरी वाटच नाही.

मी उलटीकडनं धरते, आधी वाट आणि मग गालिचा. सोफा भिंतीपासून 2 इंच सोडून, त्याची पुढची कड 36 इंचावर. टीव्ही युनिटचे 16 गेले की मधली मोकळी फरशी 84 इंच. त्यातली 30 चालायला सोडा, त्यापेक्षा कमी असेल तर माणूस एक पाय काठावर टाकून चालतो आणि तिथलाच काठ आधी उसवतो. उरले 54. सोफ्याखाली किती घालायचं हे पायावर ठरतं, पाय पुढच्या कडेपासून तीनेक इंच आत असतो आणि स्वतः दोनेक इंच जाड, म्हणजे 5 इंच तिथंच गेले, पायामागं थोडा गालिचा उरायचा तर 8 इंच तर लागतातच, 10 घातले की निवांत. 5 फूट म्हणजे 60 इंच. 10 आत, 50 बाहेर, टीपॉय पूर्ण वर बसून पुढं 12 इंच उरतात आणि वाटेला 34 मिळतात. लांबीला 96, सोफ्याच्या दोन्ही बाजूला सहा सहा इंच बाहेर. तुमच्या हॉलला 5 बाय 8.

6 बाय 9 मला पण आवडला असता पण 62 बाहेर आले की वाट राहते 22 ची.

खानापूरची_माई
हिशोब सगळा पटला गं बाई, पण पावसाचं कुणीच बोलेना. आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंत सुद्धा घाम गाळते. मी हौसेनं तागाचा घेतला होता, सोफ्याचे पाय वर. दसऱ्याला सोफा ओढला तर पायाखाली आणि मागं जिथं वारा लागत नाही तिथं पांढरी बुरशी, आणि कुबट वास. मधला उघडा भाग मात्र ठणठणीत होता. म्हणजे ओल गालिच्यात नव्हती, दाबून ठेवल्यानं धरली होती. त्यात पोरांच्या पायाची तांबडी माती. तेव्हापासून माझा पाय वर घ्यायला विरोध आहे, कुणी काय पण म्हणो.

टिळकवाडीवाली
माई, खानापूरच्या पावसापुढं मी तुम्हाला पाय वर घ्या म्हणणार नाही. ताग ओल धरतो आणि सुकायला फार वेळ घेतो, तळमजल्यावर तर नकोच. अनगोळात वरचा मजला असेल तर सुती दरी नाहीतर पॉलिप्रोपिलिनचा पातळ विणीचा चालतोय, पण पावसाळ्यात पंधरा दिवसांनी सोफ्याकडची कड उलटून हात लावून बघायची. थंड आणि जड लागली की काढायचा, वास यायची वाट बघायची नाही. पुढच्याच पायांवर असेल तर दोन माणसांनी सोफा नुसता पुढनं उचलला की गालिचा ओढून निघतो. चारी पाय वर असते तर अख्खा सोफा उचलावा लागतो.

खानापूरची_माई
दोन माणसं रोज कुठली घरात. आम्ही दोघं म्हातारी.

शहापूरचा_सुतार
माझी एक गोष्ट ऐका. पुढचे पाय वर, मागचे फरशीवर, म्हणजे सोफा मागं कलतो. पातळ दरीला काही कळत नाही. पण अर्धा इंच लवीचा गालिचा असला की वजनानं दबून पण पुढं थोडी उंची राहतेच, आणि म्हाताऱ्या माणसाला उठताना जाणवतंय. दोन तीन आठवडे वापरून गालिचा दबू द्या, मग मागच्या पायांखाली तेवढ्याच जाडीचे फेल्टचे तुकडे चिकटवा. आधी चिकटवाल तर उलटा पुढं कलेल. आणि खाली रबराची जाळी घालणार असाल तर ती सोफ्याच्या पायाखाली नेऊ नका, अलीकडंच कापा. सोफ्याच्या वजनानं ती कड तशीच धरलेली असते, जाळी लागते ती बाहेरच्या कडेला.

रिक्लायनर असेल तर पाय वर घेऊच नका. पुढं पसरताना खालचा सांगाडा गालिच्यात अडकतो, दोन घरात दुरुस्त करून आलोय.

अनगोळ_नवं_घर
रिक्लायनर नाही, साधा सागवानी पायांचा आहे. काल रात्री रद्दी पेपर चिकटवून फरशीवर 5 बाय 8 आणि 6 बाय 9 दोन्ही आखले. 6 बाय 9 ला मेन दाराचं फळकूट पेपरच्या कोपऱ्यावर आलं. दाराखाली फट मोजली तर 8 मिलिमीटर, म्हणजे जाड गालिचा असता तर दार तिथंच अडकलं असतं. 5 बाय 8 ला दार मोकळं फिरतंय. निपाणीकर, 4 बाय 6 चा पेपर पण टाकून बघितला, सोफ्याचे पाय खरंच बाहेर राहिले, मिसेस काही बोलली नाही, नुसती बघत होती.

आज दुकानात परत गेलो तर नवीनच. पुढं चिठ्ठीवर 5 बाय 8 आणि मागच्या लेबलवर 160 बाय 230 सेंटिमीटर.

टिळकवाडीवाली
हेच सांगायचं राहिलं होतं. 230 म्हणजे साडेसात फूट, 90 इंच. पूर्ण आठ फूट नव्हे. तुमच्या 84 च्या सोफ्याला दोन्हीकडं तीन तीन इंचच सुटणार. पाय येतील वर, सोफ्याला काही होणार नाही. पण खुर्चीचे पुढचे पाय नाही येणार, तीन इंचात पाय अर्धा लटकतो. रुंदी मात्र 63 भरते, म्हणजे वाट 31, चालेल. सेंटिमीटर बघूनच घ्या, 150 बाय 240 मिळतो का विचारा.

निपाणीकर
मग खुर्ची बाहेरच ठेवा की पूर्ण. एक पाय वर एक खाली यापेक्षा चारी खाली बरे. आणि माझं अजूनही तेच म्हणणं आहे, झाडायला सोपा तो गालिचा चांगला. पण सात फुटी सोफा असेल तर 4 बाय 6 नको, एवढं मान्य. आमचा सोफा साडेपाच फुटी आहे, म्हणून आम्हाला कधी खटकलं नसेल.

टिळकवाडीवाली
साडेपाचला सहा बरोबर बसतो की. तुमच्याकडं पाय वर घेऊन बघा एकदा.

अनगोळ_नवं_घर
150 बाय 240 सुती दरीत आहे, दुकानदार म्हणाला धुण्यात लांबीला दोनेक इंच आकसेल. खुर्चीसाठी मिसेस अजून 6 बाय 9 वरच अडून बसलीय, दाराकडचा कोपरा वाचवायला सोफा सहा इंच सरकवू म्हणते. सरकवला तर वरचा पंखा सोफ्याच्या मधे येत नाही. रविवारी परत पेपर घालून बघतो, माई म्हणतात तसं भिंतीला हात लावून ओल पण बघतो.