केसांच्या कडेला राहिलेला जुना रंग

"फोटोची पार्श्वभूमी बदलताना मास्क अगदी बारीक केला, तरी फोटो कापून चिकटवल्यासारखाच का दिसतो?"

मास्क बहुधा ठीकच असेल. केसांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये जुन्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो, तो मास्कने जात नाही. इंदूरला आत्याच्या फोटोत मागे पोपटी भिंत आणि डब्यांची फळी होती. फोटोशॉपमध्ये राखाडी ग्रेडियंट टाकताच तिच्या पांढऱ्या केसांभोवती हिरवी झालर उमटली! मग फोटोच्या लेयरवर रिकामा लेयर क्लिप केला, मोड Color ठेवला आणि आतल्या केसांचाच रंग उचलून मऊ ब्रशने फक्त कडेवर फिरवला. झालर गेली.

तरी काहीतरी खटकत होतंच. फोटोत दाणा, मागे मात्र काचेसारखं गुळगुळीत. ग्रेडियंटला Add Noise मधून १-२ टक्के दाणा दिला, Monochromatic ठेवून, तेव्हा कुठे आत्या तिथेच बसल्यासारखी दिसली.